लिफ्टवरचा तास: नवीन गॅरेजचं नियोजन कुठून सुरू करावं

गॅरेज टाकायचं ठरलं की बहुतेक जण आधी हत्यारांची यादी करतात, मग स्पेअर भरतात आणि मग मेकॅनिक शोधायला लागतात. माझं सांगणं वेगळं आहे. आधी लिफ्टच्या खांबाजवळ एक पाटी लावा आणि लिफ्ट दिवसभरात काय करते ते त्या पाटीवर लिहायला सुरुवात करा. स्पेअर कोणते ठेवायचे, मेकॅनिकला काय शिकवायचं आणि गिऱ्हाईक आपल्यावर विश्वास का ठेवत नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या पाटीवर सापडतात.

गॅरेज शेवटी तास विकतं. त्यातही लिफ्टचा तास सगळ्यात अपुरा असतो, कारण गिअरबॉक्स, क्लच, सायलेन्सर, सस्पेन्शन ही कामं तिच्याशिवाय नीट होत नाहीत आणि लहान गॅरेजात ती एकच असते. हा लेख अशाच गॅरेजसाठी आहे: तीन बे म्हणजे गाडी उभी करून काम करायच्या तीन जागा, त्यातल्या एकावर दोन खांबांची लिफ्ट, दोन मेकॅनिक आणि एक हेल्पर.

आधी मोजा: लिफ्ट भरलेली आहे की चालू आहे?

दिवसाचे ९ तास आणि आठवड्याचे ६ दिवस धरले तर लिफ्टचे ५४ तास हातात असतात. पाटीवर तीनच रकाने करा. गाडी वर आहे आणि कुणीतरी तिच्यावर काम करतंय, हा पहिला. गाडी वर आहे पण कुणी हात लावत नाही, हा दुसरा. लिफ्ट रिकामी, हा तिसरा. हेल्परने दर अर्ध्या तासाला योग्य रकान्यात एक खूण करायची, बाकी काही नाही. दुसऱ्या रकान्यात खूण केली तर शेजारी कारण एका शब्दात लिहायचं: पार्ट, फोन, माणूस किंवा निदान. पार्ट म्हणजे पार्टची वाट, फोन म्हणजे गिऱ्हाइकाच्या होकाराची वाट, माणूस म्हणजे ते काम येणारा मेकॅनिक दुसरीकडे अडकलाय, आणि निदान म्हणजे बिघाड नेमका काय आहे तेच कळत नाही.

हे दोन आठवडे करा. या काळात कामाची पद्धत बदलू नका, नाहीतर खरं चित्र दिसणार नाही. बहुतेक ठिकाणी मालकाला वाटत असतं की लिफ्ट कायम भरलेली असते, म्हणजे धंदा जोरात आहे. पाटी मात्र सांगते, की ५४ पैकी जेमतेम २०-२५ तास तिच्यावर हात चालतात, थोडे तास ती रिकामी असते आणि उरलेल्या वेळात एखादी खोललेली गाडी नुसती टांगलेली असते. ही टांगलेली गाडी सगळ्यात महाग पडते. ती खाली घेता येत नाही, दुसरी वर घेता येत नाही, आणि तिचा मालक दर तासाला फोन करतो.

एक गाडी नीट बघू या

सकाळी १० वाजता एक गाडी येते. तक्रार अशी, की पुढून ब्रेक दाबल्यावर करकर आवाज येतो. लिफ्ट रिकामी आहे म्हणून मेकॅनिक गाडी थेट वर घेतो, पुढचं उजवं चाक काढतो आणि कॅलिपर उघडतो. बाहेरच्या बाजूचं पॅड अर्धं शिल्लक आहे, आतल्याचं मात्र मटेरियल संपून मागची लोखंडी पट्टी डिस्कवर घासतेय. डिस्कवर खोल चरे पडलेत. मायक्रोमीटर लावला तर जाडी १९.४ मिमी भरते आणि डिस्कवर कोरलेली किमान जाडी आहे २० मिमी. कॅलिपरच्या दोन सरकत्या पिनांपैकी खालची हाताने हलतसुद्धा नाही. तिचं रबरी बूट फाटलंय, आत पाणी जाऊन पीन गंजलीय. दोन पॅडांच्या झिजेतला फरक तिथून आलाय. अशा कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतलं पॅड दाबतो आणि कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचं पॅड ओढून घेतो. पीन अडकली की सगळं काम आतल्या पॅडवर येतं.

अर्ध्या तासात निदान अचूक झालं. घोळ त्यानंतर सुरू होतो. मालकाला फोन लावला तर तो बैठकीत, त्याचा होकार येतो साडेबाराला. पॅड गॅरेजात आहेत, डिस्क नाहीत. सप्लायरला गाडीचं मॉडेल आणि साल सांगून डिस्क मागवल्या जातात. चारला येतात त्या व्यासाने लहान निघतात, कारण त्याच मॉडेलला इंजिनप्रमाणे दोन मापांच्या डिस्क लागतात. योग्य डिस्क दुसऱ्या दिवशी ११ वाजता येतात आणि गाडी १ वाजता खाली उतरते.

आता पाटी बघा. पहिल्या दिवशी १० ते ७, दुसऱ्या दिवशी १० ते १, म्हणजे लिफ्ट १२ तास अडकली. हात चालले अडीच तास: अर्धा तास निदानाचा, दोन तास दोन्ही बाजूंच्या डिस्क, पॅड आणि पिनांच्या कामाचे. साडेनऊ तास गाडी नुसती टांगलेली होती. त्या वेळात क्लचचं एक अख्खं काम झालं असतं.

यात मेकॅनिकच्या हातात कसूर नाही. चूक क्रमात आहे. पार्ट आणि होकार हातात नसताना गाडी लिफ्टवर गेली आणि तिथेच उघडी राहिली.

क्रम बदला

तीच गाडी अशी घ्या. आधी गिऱ्हाइकाला शेजारी बसवून छोटी ट्रायल घ्या. तक्रार ज्याची त्यानेच आवाज दाखवावा, म्हणजे तुम्ही दुसऱ्याच आवाजाच्या मागे लागत नाही. या गाडीसारखा लोखंड घासल्याचा आवाज असेल तर आवारातच दोन-चार मीटर हळू चालवून थांबा, रस्त्यावर नेऊ नका. रस्त्यावर ट्रायल झाली असेल तर परत आल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही पुढच्या डिस्कचं तापमान बघा. दोन बाजूंत ठळक फरक असेल तर एखादा ब्रेक चिकटतोय किंवा एखादा कामच करत नाही, असा संशय घ्यायला जागा आहे.

मग गाडी सपाट बेमध्ये घ्या, जॅकने उचला, खाली अ‍ॅक्सल स्टँड लावा आणि चाक काढा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली किंवा चाक काढलेल्या जागी कुणी हात घालायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. चाकाच्या फटीतून बघून पॅड ठीक आहे असं सांगायची सवय अनेकांना असते. फटीतून दिसतं ते बाहेरचं पॅड, आणि या गाडीत तेच अर्धं शिल्लक होतं. आतलं बघायचं तर चाक काढावंच लागतं.

जाडी मोजताना डिस्कच्या कडेला न झिजलेली एक उभी धार राहते, तिच्यावर साधं व्हर्नियर टेकलं तर माप जास्त येतं. म्हणून मायक्रोमीटर घ्या आणि पॅड जिथे घासतं त्या पट्ट्यावर तीन-चार ठिकाणी मोजा. आकडे जॉब कार्डवर लिहा. पॅडचा, डिस्कचा आणि पिनेचा फोटो काढा. चेसिस नंबरच्या पट्टीचाही फोटो काढा. या सगळ्याला चाळीस मिनिटं लागतात आणि लिफ्टला स्पर्शही झालेला नसतो.

मग चाक परत बसवा आणि गाडी आवारात लावा. ही गाडी मालकाच्या हातात द्यायची नाही. पॅड लोखंडाला भिडलंय आणि डिस्क मर्यादेखाली गेलीय, अशा अवस्थेत ती रस्त्यावर नेणं धोक्याचं आहे, हे त्याला स्पष्ट सांगा. पण आवारात ती चार चाकांवर उभी आहे आणि तुमची लिफ्ट मोकळी आहे. होकार आला, चेसिस नंबरवरून डिस्क मागवल्या, त्या खोक्यातून काढून व्यास आणि भोकं जुन्या मापाशी ताडून बघितली, की मगच गाडी लिफ्टवर. दोन तासांत काम संपतं.

नियम एका ओळीत मावतो: पार्ट ट्रेमध्ये, होकार कार्डावर, मग गाडी वर.

याला अपवाद आहेत. तेलगळती, सायलेन्सरचा आवाज, खालच्या बाजूची खडखड या गोष्टी गाडी वर घेतल्याशिवाय कळत नाहीत. त्यांच्यासाठी रोज सकाळचा पहिला तास राखून ठेवा. एका गाडीला वीस-पंचवीस मिनिटं द्या, फक्त बघायचं, काही खोलायचं नाही. मोह होतो, की आता वर घेतलीच आहे तर बोल्ट सोडून बघू. तो मोह आवरा. एकदा गिअरबॉक्सचा बोल्ट सुटला की ती गाडी तुमची लिफ्ट घेऊन बसली.

क्लचसारख्या कामात गाडी मध्येच खाली घेता येत नाही, म्हणून तिथे आधीची तयारी जास्त लागते. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तर हवंच. पण गिअरबॉक्स उतरल्यावरच दिसणाऱ्या गोष्टींचा विचारही आधी करा: क्रँकचं मागचं ऑइल सील गळत असेल तर? फ्लायव्हीलवर तडे असतील तर? सील आणून ठेवा आणि वापरलं नाही तर परत देण्याचं सप्लायरशी आधीच ठरवा. फ्लायव्हीलबद्दल गिऱ्हाइकाशी गाडी खोलण्याआधी बोलून घ्या: तडे निघाले तर खर्च किती वाढेल, आणि त्याचा होकार आताच कार्डावर. मग खोलल्यानंतर फोनची वाट बघत बसावं लागत नाही.

स्पेअर: महाग ते नाही, अडवणारं ते ठेवा

पाटीवर ‘पार्ट’ या कारणाखाली जे लिहिलं गेलं ते वाचून काढा. तिथे इंजिनचे मोठे पार्ट क्वचित दिसतील. दिसतील ते ड्रेन प्लगचे वॉशर, सायलेन्सरचं गॅस्केट, होसच्या क्लिप, कॅलिपर पिनेचे बूट, ब्लीडर निपल, दरवाजाच्या ट्रिमची प्लॅस्टिक खिळी, एकदाच वापरायचा अ‍ॅक्सल नट. खिशात मावतील अशा वस्तू, आणि त्यांच्यावाचून अख्खी गाडी उघडी राहते.

म्हणून स्टॉक ठरवताना माझा पहिला प्रश्न असतो: ही वस्तू नसेल तर खोललेली गाडी बंद करता येईल का? येणार नसेल आणि वस्तू लहान असेल, तर ती डबा भरून ठेवा, हिशेब करत बसू नका. अशा सगळ्या वस्तूंचं मिळून एक कपाटही भरत नाही.

दुसऱ्या गटात सर्व्हिसचे नेहमीचे पार्ट येतात: ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, सगळ्यात जास्त खपणारे ब्रेक पॅड, ऑइल, कूलंट. इथे मात्र आकड्याने चाला. मागच्या तीन महिन्यांची जॉब कार्ड काढा आणि प्रत्येक पार्ट नंबर किती वेळा लागला ते मोजा. समजा एका प्रकारचा ऑइल फिल्टर आठवड्याला सरासरी ५ लागतो आणि गर्दीच्या आठवड्यात ८. सप्लायरला माल द्यायला ३ दिवस लागतात, म्हणजे कामाचा अर्धा आठवडा. गर्दीच्या अर्ध्या आठवड्यात ४ फिल्टर लागतील. सप्लायर एखादा दिवस चुकला म्हणून आणखी १ धरा. शेल्फवर ५ उरले की नवी ऑर्डर द्यायची. शेवटून पाचव्या खोक्यावर लाल चिकटपट्टी लावा. पट्टीचं खोकं हाताला आलं की हेल्परने वहीत नोंद करायची. संगणक नसला तरी चालेल, पट्टी मात्र हवी.

नवीन गॅरेजकडे जुनी कार्डं नसतात. तिथे पहिले तीन महिने कमीच भरा आणि दिवसातून दोनदा माल पोचवणारा सप्लायर गाठा. उधारीवर मिळतो म्हणून भरलेला माल पुढे शेल्फवर बसून राहतो.

तिसऱ्या गटात राहिलेलं सगळं: डिस्क, शॉकअप, अल्टरनेटर, सेन्सर. महिन्यात एखाद्या वेळी लागणारा आणि सप्लायरकडून त्याच दिवशी येणारा पार्ट ठेवू नका. वरच्या गाडीच्या डिस्क गॅरेजात नव्हत्या, ही चूक नव्हती. त्या मॉडेल-सालावरून मागवल्या, ही चूक होती. नव्या गाड्यांचा चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो, तो तोंडी सांगू नका, फोटो पाठवा. ८ आणि बी, ५ आणि एस यांची गफलत वाचून सांगताना हमखास होते.

प्रत्येक खोक्यावर आल्याची तारीख लिहा. सहा महिने न हललेलं खोकं वेगळ्या शेल्फवर ठेवा आणि परत देता येतं का ते विचारा. काही माल नुसता पडून खराब होतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो, म्हणून मोठा डबा घेऊन महिनोन्‌महिने उघडा वापरण्यापेक्षा लहान बाटल्या घ्या. बॅटरी शेल्फवर हळूहळू उतरते, तिचं व्होल्टेज अधूनमधून बघा. पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली गेली तर गिऱ्हाइकाला देण्याआधी चार्ज करा.

मेकॅनिक: हात आणि डोकं वेगवेगळं मोजा

पाटीवर ‘माणूस’ हे कारण वारंवार आलं, तर एखादं काम एकाच मेकॅनिकला येतं असा अर्थ होतो. भिंतीवर एक तक्ता करा. आडव्या ओळीत तुमच्याकडे खरंच येणारी बारा-पंधरा कामं, उभ्या ओळीत माणसांची नावं. प्रत्येक चौकटीत चारपैकी एक: फक्त पाहिलंय, सोबतीने करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. ज्या कामाखाली ‘एकटा करतो’ असा एकच माणूस आहे, तिथे तो रजेवर गेला की लिफ्ट अडकणार. शिकवण्याची सुरुवात तिथून करा. वर्गात बसवून नको, त्या कामाची पुढची गाडी येईल तेव्हा दोघांना लावा, आणि नंतरच्या गाडीवर शिकणाऱ्याच्या हातात पाना, शिकवणाऱ्याचे हात मागे.

हाताची कौशल्यं लवकर येतात, पण त्यातल्या काही सवयी सुरुवातीलाच लागायला हव्यात. कुठलाही बोल्ट आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरवायचा, मगच पाना किंवा गन. ड्रेन प्लग तिरका धरून गन मारली की ऑइल संपचे आटे जातात आणि अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांवर जातं. चाकाचे नट शेवटी टॉर्क रेंचने, कंपनीच्या आकड्याला, ताऱ्याच्या आकारात उलटसुलट क्रमाने. कॅलिपरच्या पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावायचं, साधं पेट्रोलियम ग्रीस रबरी बूट फुगवतं आणि पीन पुन्हा अडकते.

निदान शिकवणं अवघड आहे, आणि लिफ्टचे व स्पेअरचे सगळ्यात मोठे घोटाळे तिथेच होतात. एक उदाहरण. इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनर P0171 दाखवतो. त्याचा अर्थ इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, असं संगणकाला वाटतंय. नवशिका मेकॅनिक ऑक्सिजन सेन्सर मागवतो, कारण कोड त्याच सेन्सरच्या निरोपावरून आलाय. सेन्सर बदलतो, कोड पुसतो, गाडी देतो. चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. बसवलेला सेन्सर सप्लायर सहसा परत घेत नाही, गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार नाही, आणि गाडी पुन्हा बेमध्ये. खरं तर सेन्सर निरोप बरोबर देत होता.

त्याच स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडून फ्युएल ट्रिम बघितली असती तर दहा मिनिटांत दिशा कळली असती. ट्रिम अधिक म्हणजे संगणक जास्त पेट्रोल घालतोय. इंजिन आयडलवर असताना ट्रिम +२० च्या आसपास आणि २५०० आरपीएमला उतरून +५, असं दिसलं तर कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय. आयडलला एकूण हवा थोडी असते म्हणून गळतीचा वाटा मोठा ठरतो, वेग वाढला की तो किरकोळ होतो. मग इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, तडकलेले होस, ब्रेक बूस्टरची नळी तपासायची. उलट आयडलला ट्रिम ठीक आणि आरपीएम वाढवताना चढत गेली, तर पेट्रोल पुरत नाही किंवा एअर फ्लो सेन्सर मळलाय: फ्युएलचा दाब मोजा, सेन्सर बघा. हे सगळं सपाट बेमध्ये होतं.

मेकॅनिकला लावायची शिस्त एवढीच: पार्ट मागवण्याआधी कार्डावर दोन ओळी लिहायच्या, मी काय मोजलं आणि त्यावरून हाच पार्ट का. दुसरी ओळ लिहिता येत नसेल तर पार्ट मागवायचा नाही. सुरुवातीला मेकॅनिक कुरकुरतील, त्यांना तो अविश्वास वाटेल. पण महिनाभराने तेच एकमेकांची कार्डं वाचायला लागतात, आणि ते वाचणं कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त शिकवून जातं.

गिऱ्हाईक: होकार लवकर कसा येतो

‘फोन’ हे कारण मोठं असेल तर गिऱ्हाइकाला दोष देऊ नका. ज्याला सांगितलेलं पटतं तो दोन मिनिटांत हो म्हणतो. ज्याला पटत नाही तो ‘कळवतो’ म्हणतो आणि दुसऱ्या गॅरेजला फोन लावतो, आणि तोवर तुमची लिफ्ट अडकलेली असते. म्हणून विश्वासाचा संबंध थेट बेच्या वापराशी आहे.

गाडी घेतानाच तीन गोष्टी कार्डावर लिहून घ्या. तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत: ‘सकाळी पहिल्यांदा ब्रेक दाबला की करकरतं’, यातलं ‘सकाळी पहिल्यांदा’ हे शब्द निदानाला उपयोगी असतात. रीडिंग, इंधन आणि जुने ओरखडे, त्याच्यासमोर फिरून. आणि फोन कधी उचलू शकाल, ती वेळ. ही तिसरी गोष्ट कुणी विचारत नाही. वरच्या उदाहरणात ती विचारली असती तर बैठकीच्या आधीच होकार मिळाला असता.

फोनवर ‘ब्रेकचं बरंच काम निघालंय’ असं सांगू नका. असं सांगा: “तुमच्या गाडीचं पुढचं उजवं आतलं पॅड पूर्ण संपलंय, डिस्कची जाडी १९.४ मिमी आहे आणि कमीत कमी २० हवी. कॅलिपरची एक पीन गंजून अडकलीय, म्हणून एकच पॅड झिजलं. फोटो पाठवलेत. डिस्क आणि पॅड दोन्ही बाजूंचे बदलावे लागतील, पिना साफ करून बूट नवीन. मागचे ब्रेक बघितले, ते ठीक आहेत, तिथे काही करायचं नाही.” शेवटचं वाक्य गाळू नका. काय करायची गरज नाही हे सांगणाऱ्याचं, काय करायला हवं हेही माणूस ऐकतो.

बाकी काही सापडलं असेल तर ते तीन भागांत सांगा: सुरक्षेसाठी आत्ताच, पुढच्या सर्व्हिसपर्यंत चालेल, नुसतं लक्ष ठेवायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागातलं काम आज करा म्हणून आग्रह धरू नका, बिलाखाली लिहून द्या. ठरलेल्या रकमेवर एक रुपयाचंही काम होकाराशिवाय करायचं नाही, अगदी ते उघड गरजेचं असलं तरी. जुने पार्ट पिशवीत घालून दाखवा, हवे असतील तर द्या. एका बाजूला झिजलेलं पॅड हातात घेतलं की गिऱ्हाइकाला पिनेचं प्रकरण आपोआप कळतं.

गाडी कधी मिळेल हे सांगताना पार्ट हातात येण्याआधी वेळ देऊ नका. ‘पार्ट उद्या ११ पर्यंत येतील, ते ताडून बघितले की वेळ कळवतो’ हे उत्तर ऐकायला गोड नाही, पण खरं ठरतं. चारची वेळ देऊन सातला गाडी देणारा मेकॅनिक कितीही चांगलं काम करो, पुढच्या वेळी त्याच्या एस्टिमेटवरही शंका घेतली जाते.

गाडी देताना नवीन डिस्क-पॅड असतील तर पहिले काही किलोमीटर जोरात, लांब ब्रेक टाळा हे सांगा. पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो. चाकं काढली असतील तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट तपासून घ्यायला बोलवा आणि त्याचे पैसे घेऊ नका.

परत आलेल्या गाड्यांची वही वेगळी ठेवा. त्याच तक्रारीने गाडी परत आली की ती रांगेत पहिली, आणि बघणारा मेकॅनिक दुसरा. पहिला आपलंच काम तपासताना जिथे खात्री आहे तिथे बघतच नाही. कारण लिहा: निदान चुकलं, हात चुकला की पार्ट खराब निघाला. एकाच कंपनीचा पार्ट दोन-तीनदा खराब निघाला तर तो शेल्फवरून काढा. निदान चुकल्याच्या नोंदी एकाच प्रकारच्या कामावर दिसल्या तर भिंतीवरच्या तक्त्यात त्या कामाची चौकट एक पायरी खाली आणा.

दुसरी लिफ्ट कधी घ्यायची

तीन महिन्यांनी पाटी पुन्हा दोन आठवडे भरा. टांगलेले तास आधीच्या निम्म्यावर आले असतील तर क्रम बसलाय. आले नसतील तर चार कारणांपैकी कुठलं हललं नाही ते बघा, बहुधा एकच उरलेलं असतं.

दुसऱ्या लिफ्टचा विचार, माझ्या मते, तेव्हाच करावा जेव्हा ५४ पैकी ४० च्या वर तास हात चालू असतात आणि तरीही, पार्ट व होकार तयार असलेल्या गाड्या आवारात रांगेत उभ्या असतात. त्याआधी माणसांचाही हिशेब करा. दोन मेकॅनिक मिळून आठवड्याला १०८ तास देतात. त्यातले सपाट बेवरचे, ट्रायलचे आणि निदानाचे वजा केले तर दुसऱ्या लिफ्टवर उभं राहायला कुणी उरतं का? उरत नसेल तर आधी तिसरा मेकॅनिक घ्या, आणि लिफ्ट त्यानंतर.